झोपताना लावलेला चार्जर

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईतल्या एका घरात स्कूटरची सुटी बॅटरी मध्यरात्रीनंतर चार्जिंगला लावली गेली. बॅटरी बाहेरच्या खोलीत होती आणि त्याच खोलीत सात वर्षांचा मुलगा आजीजवळ झोपला होता. पहाटे बॅटरीचा स्फोट झाला. आजी वाचली. मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी रुग्णालयात मरण पावला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तेलंगणातल्या निजामाबादमध्ये रात्रभर चार्जिंगला लावलेली बॅटरी बाहेरच्या खोलीत फुटली आणि तिथे झोपलेले ऐंशी वर्षांचे गृहस्थ गेले. त्याआधी मार्चमध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरला रात्री चार्जिंगला लावलेली नवी स्कूटर पेटली आणि वडील व त्यांची लहान मुलगी धुरात गुदमरून दगावले.

तिन्ही घटनांत रात्र आहे, चार्जर आहे आणि झोपलेली माणसे आहेत. त्यामुळे ‘रात्री चार्जिंग करू नका’ हा सल्ला तेव्हापासून सगळीकडे फिरतो. सल्ला वाईट नाही, पण अर्धा आहे. जो पॅक आतून धड आहे आणि ज्याला त्याचाच चार्जर लावला आहे, तो रात्री अकराला लावला काय किंवा सकाळी अकराला लावला काय, त्याला फरक पडत नाही. ज्या पॅकमध्ये आधीच काही बिघडले आहे, तो दुपारीही पेटू शकतो. रात्रीने एवढेच होते की पहिला वास येतो, पहिला आवाज होतो, तेव्हा तो घ्यायला कोणी जागे नसते. म्हणून प्रश्न दोन आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. पॅक पेटतो कशाने, हा पहिला. आणि पेटलाच तर माणसे वाचतील अशा जागी तो आहे का, हा दुसरा.

आत दडलेले दोनशे सेल

सीटखालून जी जड पेटी आपण उपसून घरात आणतो, ती म्हणजे एक बॅटरी नव्हे. अनेक पॅकमध्ये बोटभर उंचीचे, गोल नळीसारखे सेल असतात. त्यांतला एक जुना, प्रचलित आकार १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर उंचीचा आहे. असा एक सेल साधारण साडेनऊ वॉट-तास वीज धरतो. म्हणजे दोन युनिट वीज साठवणाऱ्या पॅकमध्ये असे दोनशेहून थोडे जास्त सेल दाटीने बसवलेले असतात. ते पत्र्याच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असतात आणि त्यांच्यावर नजर ठेवायला एक सर्किट असते. मेकॅनिक त्याला बीएमएस म्हणतात. सेलचा व्होल्टेज आणि पॅकचे तापमान मोजणे आणि मर्यादा ओलांडली की वीज तोडणे हे त्याचे काम.

प्रत्येक सेलच्या आत धन आणि ऋण बाजूच्या दोन लांब पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. त्यांच्यामध्ये केसाहूनही पातळ प्लॅस्टिकचा पडदा असतो आणि सगळे काही ज्वलनशील द्रवात भिजलेले असते. हा पडदा शाबूत आहे तोवर सेल शांत असतो. तो कुठे फाटला, टोचला किंवा वितळला की दोन्ही बाजू आतच एकमेकींना भिडतात. बाहेरचा फ्यूज तिथे पोहोचत नाही, कारण हा शॉर्ट सेलच्या पोटात झालेला असतो.

पुढचा क्रम उष्णतेचा आहे. सेल ९० अंशांच्या आसपास तापला की ऋण पट्टीवरचा संरक्षक थर विरघळू लागतो आणि ही क्रिया स्वतःच आणखी उष्णता देते. १३० अंशांच्या सुमारास पडदा वितळू लागतो. २०० च्या आसपास निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या सेलमधली धन पट्टी ऑक्सिजन सोडू लागते. आता इंधन, उष्णता आणि ऑक्सिजन तिन्ही एकाच नळीत आहेत. सेल झाकणातून वायू फेकतो, तो पेटतो आणि शेजारच्या सेलला भाजतो. एका सेलची आग अशी ओळीने पुढे सरकते. यालाच ‘थर्मल रनअवे’ म्हणतात. एकदा तो सुरू झाला की चार्जर काढूनही थांबत नाही, कारण त्याला आता भिंतीतल्या विजेची गरज उरलेली नसते.

लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारचे सेल, ज्यांना बाजारात एलएफपी म्हणतात, उष्णतेला बरेच जास्त टिकतात आणि सहजी पेटत नाहीत. पण त्यांतून निघणारा वायूही ज्वलनशील असतो. म्हणून ‘आमची एलएफपी आहे, काही होत नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य अर्धे खरे मानावे.

एका रात्रीचे चार्जिंग

आता एका साध्या रात्रीचा हिशेब मांडू. स्कूटरचा पॅक दोन युनिटांचा आहे आणि त्यात सेलचे चौदा गट एकापुढे एक जोडलेले आहेत. प्रत्येक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर येतो, म्हणजे पूर्ण पॅक ५८.८ व्होल्टवर. सोबत आलेला चार्जर १० अँपिअरचा आहे, म्हणजे तो पॅकला साधारण ६०० वॉट देतो. रात्री अकराला २० टक्क्यांवर असलेला पॅक लावला, तर सुमारे १.६ युनिट वीज आत जायची आहे. सुरुवातीचा मोठा भाग चार्जर एकसारख्या करंटने भरतो. पॅक भरत आला की व्होल्टेज तिथेच धरून करंट हळूहळू कमी करतो. दोन ते अडीचच्या दरम्यान काम संपते आणि चार्जर बंद होतो. त्यानंतर सकाळी सहापर्यंत प्लग तसाच राहिला, तरी चांगला चार्जर आणि चांगला पॅक यांच्यात विशेष काही घडत नाही.

मग धोका कुठे आहे? या तीन-साडेतीन तासांत पॅकवर दोन गोष्टी एकाच वेळी होतात. करंट वाहत असल्यामुळे सेल गरम होतात, आणि त्याच वेळी त्यांच्यात साठलेली ऊर्जा वाढत जाते. पूर्ण भरलेला सेल अर्ध्या भरलेल्या सेलपेक्षा कमी तापमानाला बिथरतो आणि जास्त जोराने पेटतो. आतमध्ये एखादी जुनी इजा असेल, पडद्यावर कुठे ताण असेल, एखादा गट इतरांपेक्षा अशक्त झाला असेल, तर ती कसर चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात किंवा चार्जिंग संपल्यावर लगेच बाहेर पडण्याची शक्यता सर्वांत जास्त. अकराला लावलेल्या पॅकसाठी ही वेळ म्हणजे मध्यरात्रीनंतरची, गाढ झोपेची.

यावरून एक व्यवहारी वाट दिसते. चार्जिंगला तीन-साडेतीन तासच लागतात, रात्रभर नव्हे. संध्याकाळी साडेसातला लावले तर जेवणे आटोपून झोपायच्या आत ते संपते आणि शेवटचा टप्पा घरातली माणसे जागी असताना जातो. रोजचे अंतर कमी असेल तर ८० ते ९० टक्क्यांवर थांबावे. सेलवरचा ताण कमी होतो आणि पॅकचे आयुष्यही वाढते. एलएफपी पॅकला मात्र मधूनमधून पूर्ण भरावे लागते, म्हणजे बीएमएसला सगळे गट सारखे करता येतात. ते किती दिवसांनी, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

दुसरी गोष्ट तापमानाची. बहुतेक लिथियम सेल चार्ज करण्याची वरची मर्यादा सेल बनवणारेच ४५ अंश ठरवतात. गाडी चालवताना ते याहून जास्त सोसतात, पण चार्जिंगला मर्यादा कमी आहे. मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात हवेचेच तापमान ४५ ला टेकते. उन्हात उभी असलेली आणि नुकतीच घाट चढून आलेली गाडी त्याहून बरीच तापलेली असते. घरी आल्या आल्या चार्जर लावण्याची सवय म्हणूनच सोडावी. सावलीत तासभर ठेवून, पेटी हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे. रात्रीच्या गारव्यात चार्जिंग करण्याचा फायदा नेमका इथे आहे, आणि रात्रीला सरसकट दोष न देण्याचे हेही एक कारण.

‘अठ्ठेचाळीस व्होल्ट’ लिहिलेले दोन चार्जर

मूळ चार्जर बिघडतो, हरवतो किंवा गावी राहतो. नवा महाग असतो. मग कोणीतरी म्हणतो, ‘घ्या की, हाही अठ्ठेचाळीसचाच आहे, पिनही बसते.’ ही चूक किती महागात पडू शकते हे आकड्यांतच पाहावे.

बाजारात ४८ व्होल्ट नावाने विकले जाणारे पॅक एकसारखे नसतात. एका प्रकारात निकेल-मँगनीज-कोबाल्टचे १३ गट असतात. प्रत्येकी ४.२ व्होल्टने हा पॅक ५४.६ व्होल्टला पूर्ण भरतो. दुसऱ्या प्रकारात एलएफपीचे १६ गट असतात. प्रत्येकी ३.६५ व्होल्टने तो ५८.४ व्होल्टला भरतो. दोन्हींवर ‘४८ व्होल्ट’च लिहिलेले असते. आता दुसऱ्याचा चार्जर पहिल्याला लावला, तर तो ५४.६ वर थांबणार नाही. तो ५८.४ पर्यंत रेटत राहील. त्या व्होल्टेजला तेरा गटांनी भागले की प्रत्येक सेलच्या वाट्याला जवळपास ४.५ व्होल्ट येतात. ४.२ ची मर्यादा असलेल्या सेलसाठी हे अतिभरण आहे. सेलमध्ये लिथियम धातूचे थर साचू लागतात, वायू तयार होतो, आतली उष्णता वाढते.

इथे बीएमएस मध्ये पडायला हवा. साधारण ४.२५ व्होल्टच्या आसपास चांगला बीएमएस वीज तोडतो. अनेकदा म्हणूनच चुकीचा चार्जर लावूनही काही होत नाही, आणि माणसाला वाटते की चालते. प्रत्यक्षात तो रोज रात्री शेवटच्या आधारावर गाडी ढकलत असतो. तो आधार एका छोट्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा आहे. तो शॉर्ट होऊन चिकटला की पुढे अडवणारे कोणी नाही. म्हणून चार्जर घेताना पिन किंवा पॅकचे नाव बघून चालत नाही. चार्जरवर ‘आउटपुट’ या ओळीत जो व्होल्टेज आणि अँपिअर छापलेला असतो, तो जुन्या चार्जरच्या आकड्याशी दशांशापर्यंत जुळला पाहिजे. सर्वांत बरे म्हणजे त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा चार्जर घ्यावा. लेड-ॲसिड बॅटरीच्या जुन्या स्कूटरचा चार्जर लिथियम पॅकला तर कधीच लावू नये.

मार खाल्लेला पॅक

ज्या पॅकला बाहेरून काही झालेले दिसत नाही, त्यालाही इजा असू शकते. ही इजा बहुतेक वेळा चार वाटांनी येते.

पहिली वाट म्हणजे पडणे. आठ-दहा किलोची पेटी तिसऱ्या मजल्यावर उचलून नेताना एकदा तरी जिन्याच्या कडेला आपटते. फूटबोर्डखाली पॅक असलेली गाडी उंच गतिरोधकावर घासते. पेटीला फक्त ओरखडा दिसतो, पण आत एखादा सेल दबलेला असू शकतो किंवा पट्टी सुटून सेलच्या कडेला टेकलेली असू शकते. अशी इजा लगेच बोलत नाही. काही दिवस, काही आठवडे पॅक नेहमीसारखा चालतो.

दुसरी वाट पाण्याची. अनेक पॅकना ‘आयपी ६७’ असा दर्जा असतो. त्याचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवले तरी पाणी आत जाणार नाही. हा दर्जा नव्या, न उघडलेल्या पॅकचा असतो. तीन पावसाळे सोसलेल्या रबरी सीलचा किंवा कोणीतरी उघडून पुन्हा बंद केलेल्या पेटीचा नव्हे. जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरले, जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले; अशा पुरात गाड्या अर्धा तास नव्हे, कित्येक तास पाण्याखाली राहतात. पाणी ओसरल्यावर गाडी उन्हात वाळवून चार्जर लावणे ही त्यातली सर्वांत धोक्याची कृती. आत गेलेल्या पाण्याने गंज धरतो, वीज नको त्या वाटेने वाहू लागते आणि पॅक कित्येक दिवसांनीही पेटू शकतो. खाडीचे खारे पाणी तर याहून वाईट. बुडालेली गाडी चालू करू नये, चार्जर लावू नये. तिला इमारतीपासून आणि इतर वाहनांपासून दूर मोकळ्यावर ढकलून न्यावे आणि सर्व्हिस सेंटरला कळवावे.

तिसरी वाट कोणाच्या फारशी लक्षात येत नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहते. मालक परगावी असतो किंवा गाडी दुरुस्तीविना पडून असते. पॅक हळूहळू रिकामा होत जातो, कारण बीएमएस स्वतःही थोडी वीज खातो. सेलचा व्होल्टेज फार खाली गेला की आतली तांब्याची पट्टी द्रवात विरघळू लागते. मग एके दिवशी चार्जर लावला की ते तांबे भलत्याच ठिकाणी जमते आणि पडद्यातून आरपार वाट करते. चांगले चार्जर असा मेलेला पॅक ओळखून वीज द्यायला नकार देतात. हा नकार म्हणजे बिघाड नव्हे, इशारा आहे. ‘थोडा वेळ डायरेक्ट करंट देऊन जिवंत करतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडे असा पॅक देऊ नये. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर पॅक निम्म्याच्या आसपास भरून ठेवावा आणि महिन्याने एकदा पाहावा.

चौथी वाट दुरुस्तीची. वॉरंटी संपलेल्या पॅकमध्ये चार-सहा सेल गेलेले असतात आणि पूर्ण पॅक बदलायचा तर खिशाला जड जाते. मग स्थानिक दुकानात ‘सेल बदलून’ मिळतात. जुन्या सेलच्या गटात नवा सेल घातला की दोघांची ताकद वेगळी पडते. बदललेला सेल जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला असेल तर त्याचा इतिहासच कोणाला माहीत नसतो. अशक्त गट दर वेळी आधी भरतो आणि आधी रिकामा होतो, म्हणजे दोन्ही टोकांना तोच ताणला जातो. सगळे दुरुस्ती करणारे अडाणी नसतात. पण पेटी उघडल्यावर प्रत्येक गटाचा व्होल्टेज मोजून लिहून देणारा आणि बंद करताना नवे सील घालणारा किती जण करतात, हे विचारून पाहावे.

पॅक काय सांगतो

पेटीची कड फुगलेली दिसणे, झाकण नीट न बसणे, पेटी नेहमीच्या खाचेत अडखळणे, ही आत वायू साचल्याची खूण आहे. असा पॅक पुन्हा एकदाही चार्ज करू नये. नखांचा रंग पुसायच्या द्रवासारखा गोडसर, उग्र वास आला तर सेलमधला द्रव बाहेर येतो आहे. चार्जिंग करताना पेटीचा एकच कोपरा बाकीच्यापेक्षा गरम लागणे हीही वाईट खूण.

काही खुणा मीटरवर दिसतात. टक्केवारी चाळीसवरून एकदम पंधरावर येते, चढावर गाडी अचानक बंद पडून पुन्हा सुरू होते, रोज तीन तासांत भरणारा पॅक आता पाच तास घेतो किंवा ९५ वर अडकून बसतो, महिन्याभरात अंतर एकाएकी निम्मे होते. वयाने पॅक हळूहळू थकतो. एकाएकी थकणारा पॅक आजारी असतो.

फुगलेला किंवा गळणारा पॅक भंगारवाल्याला देऊ नये आणि कचऱ्यात टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत तो दाबला गेला की तिथे पेटतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. म्हणून तो गाडीच्या विक्रेत्याकडेच परत जायला हवा, आणि तोवर घराबाहेर, जळण्यासारखे काही नसलेल्या जागी.

भिंतीतला प्लग

चार्जिंगच्या वेळची प्रत्येक आग बॅटरीतूनच येते असे नाही. ६०० वॉटचा चार्जर भिंतीतून तीन अँपिअरच्या आसपास वीज घेतो. आकडा मोठा नाही. इस्त्री याहून जास्त घेते. पण इस्त्री दहा मिनिटे चालते आणि हा भार तीन-चार तास सलग असतो. सैल झालेल्या सॉकेटमध्ये पिन नीट बसत नसेल तर त्या सांध्यावर उष्णता साचत जाते. सॉकेट पिवळे पडते, मग तपकिरी होते, मग वितळते.

म्हणून चार्जरसाठी आयएसआय चिन्हाचे, घट्ट पकडणारे, अर्थिंग असलेले तीन पिनांचे सॉकेट वेगळे ठेवावे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या ॲडॉप्टरमध्ये घातला की अर्थिंगच निघून जाते. खिडकीतून खाली सोडलेली, गुंडाळीवर अर्धी राहिलेली एक्स्टेंशन वायर टाळावी, कारण गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही. एका तासाच्या चार्जिंगनंतर प्लग काढून पिनांना हात लावून पाहावा. कोमट चालतील, चटका बसत असेल तर आधी सॉकेट बदलावे. घरच्या फळीवर ३० मिलीअँपिअरचे गळती-विद्युत रोधक उपकरण, म्हणजे ईएलसीबी किंवा आरसीबीओ, असेल तर धक्का बसण्यापासून संरक्षण मिळते. पण सेलच्या आतला शॉर्ट त्याला कळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दार मोकळे हवे

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. वसई आणि निजामाबादमध्ये माणसे पॅकच्याच खोलीत झोपली होती. वेल्लोरमध्ये बळी ज्वाळांनी नव्हे, धुराने घेतले. १२ सप्टेंबर २०२२ रोजी सिकंदराबादमध्ये एका हॉटेलच्या खालच्या भागातल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या दुकानात आग लागली. धूर जिन्याच्या वाटेने वर चढला आणि आठ जण मरण पावले. पेट्रोलच्या गाड्याही पेटतात, पण पेट्रोलची टाकी काढून कोणी पलंगाशेजारी ठेवत नाही. सुट्या बॅटरीने ती सवय नकळत लावली आहे.

त्यामुळे जागेचा नियम एकच आणि कडक असावा: पॅक आणि बाहेर जाण्याची वाट या दोन गोष्टी एका ठिकाणी नकोत. चार्जिंग दाराजवळ नको, पॅसेजमध्ये नको, जिन्याखाली नको, झोपायच्या खोलीत तर नकोच. सर्वांत चांगली जागा म्हणजे पार्किंगमधला मोकळा, वर छत असलेला, जिन्यापासून आणि गॅस सिलिंडरपासून दूर असलेला पॉइंट. फ्लॅटमध्येच चार्ज करायचे असेल तर बाल्कनीत, ऊन-पाऊस लागणार नाही अशी जागा. खाली फरशी असावी. गादी, सतरंजी, लाकडी कपाट नसावे. वर आणि बाजूला पडदा, वाळत घातलेले कपडे, पुठ्ठ्याची खोकी नसावीत. चार्जरवर काही झाकू नये. त्याचा पंखा हवा ओढतो.

सोसायट्यांमध्ये यावरून वाद होतात. पार्किंगमध्ये पॉइंट दिला तर विजेचे बिल कोणी भरायचे, या मुद्द्यावर गाडे अडते आणि मग सभासद बॅटरी वर नेतात. पार्किंगमध्ये पॉइंट नाकारणारी समिती धोका टाळत नाही. तो दहा-वीस घरांच्या बाहेरच्या खोल्यांत वाटून देते. स्वतंत्र मीटर, स्वतंत्र एमसीबी आणि जिन्यापासून दूरची जागा एवढे केले तरी बराच प्रश्न सुटतो.

एका खोलीच्या घरात, चाळीत, बैठ्या वस्तीत मात्र चांगली जागा मिळत नाही. तिथे घरातल्या घरात पूर्ण सुरक्षित असे काही नसते. अशा घरात राहणाऱ्याने शक्य असेल तर कामाच्या ठिकाणी दिवसा किंवा बॅटरी बदलून देणाऱ्या केंद्रावर अवलंबून राहावे. ते जमत नसेल तर निदान दोन गोष्टी पाळाव्यात. चार्जिंग घरातले कोणी जागे असतानाच करावे, आणि झोपलेली माणसे व दार यांच्या मध्ये पॅक येऊ देऊ नये.

पेटल्यावर

आधी ‘फुस्स’ असा आवाज येतो, किंवा फटाके फुटल्यासारखे लागोपाठ आवाज. मग पांढरट धूर. तो वाफेसारखा दिसतो, पण ज्वलनशील आणि विषारी असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइडसारखे वायू असतात. या पहिल्या आवाजापासून खोली ज्वाळांनी भरेपर्यंत काही वेळा एक मिनिटही मिळत नाही. पेटी उचलून बाहेर फेकण्याचा प्रयत्न करू नये. ती हातात फुटते.

माणसांना उठवावे, बाहेर काढावे, निघताना खोलीचे दार ओढून घ्यावे. मेन स्विच वाटेत असेल तरच बंद करावा. १०१ किंवा ११२ वर फोन करताना ‘लिथियम बॅटरी पेटली आहे’ हे आधी सांगावे. घरातले पावडरचे अग्निशामक ज्वाळा क्षणभर दाबते, पण सेल आतून तापतच राहतात आणि पुन्हा पेटतात. या आगीला थंड करावे लागते आणि त्यासाठी भरपूर पाणी बराच वेळ मारावे लागते. ते काम अग्निशमन दलाचे. आग विझल्यावरही तो पॅक काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटू शकतो, म्हणून तो घरात परत आणू नये.

नवी गाडी घेताना

२०२२ च्या या घटनांनंतर केंद्र सरकारने ‘एआयएस-१५६’ या मानकात कडक दुरुस्त्या केल्या. त्या दोन टप्प्यांत, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ पासून लागू झाल्या. पॅकमध्ये एक सेल पेटवून आग इतरांत पसरते का याची चाचणी, सेलमध्ये पुरेसे अंतर, वायू बाहेर पडायला झडप, तापमान मोजणारे किमान चार सेन्सर आणि धोक्याआधी आवाज व दिव्याने इशारा या त्यांतल्या महत्त्वाच्या अटी. चार्जरने जास्त भरण्याआधी थांबावे आणि फार रिकामा झालेला पॅक ओळखावा, हेही त्यात आहे.

म्हणून जुनी स्कूटर विकत घेताना पॅक कधी बनला हे विचारावे. एप्रिल २०२३ नंतरचा पॅक आणि २०२१ चा पॅक यांत या अटींचा फरक आहे. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या गाड्यांना आरटीओची नोंदणी लागत नाही, आणि स्वस्तातल्या गाड्यांची मोठी गर्दी इथेच असते. अशी गाडी घेताना विक्रेत्याकडून चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र आणि बॅटरीचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. पुण्यातली एआरएआय ही अशा चाचण्या करणारी संस्था आहे. जो विक्रेता हे कागद दाखवत नाही, त्याच्याकडून बॅटरी घेऊ नये.

मानक मात्र दुकानातून बाहेर पडणाऱ्या नव्या पॅकची हमी देते. तो जिन्यावर आपटला, पुरात बुडाला, बाहेरच्या दुकानात उघडला गेला किंवा चुकीच्या चार्जरला लागला, की ती हमी संपते. तेव्हा आज चार्जर लावण्याआधी पेटीच्या कडा पाहा, चार्जरवरचा ‘आउटपुट’ आकडा पॅकशी जुळवून पाहा आणि पॅक दाराच्या वाटेतून हलवा. यांतली एक जरी गोष्ट संशयास्पद वाटली, तर आजची रात्र गाडी चार्जिंगविना राहू द्या आणि उद्या बसने जा.